पाहुणे सहा, बॉयलर एक

आमच्या कॉफी मशीनमधला सिंगल बॉयलर म्हणजे काय हे आईला समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे एकच शेगडी. मग एवढे पैसे कशाचे घेतले रे त्यांनी?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण ती अगदी बरोबर बोलली होती. आत एक छोटीशी टाकी असते, छोट्या मशीनमध्ये जेमतेम १०० मिलीची, जरा दणकट मशीनमध्ये ३०० मिलीपर्यंत. कॉफी काढायला पाणी हवं ९३ डिग्रीच्या आसपास आणि दूध फेसाळायला वाफ हवी म्हणजे तीच टाकी १३०-१४० डिग्रीपर्यंत चढवायची. दोन्ही एकदम नाही. आधी कॉफी, मग स्टीमचं बटण, मग दिवा लागेपर्यंत उभं राहायचं. एकट्याची कॉफी असेल तर ह्यात काहीच त्रास नाही, उलट सकाळी जरा मन शांत वगैरे होतं.

त्रास होतो तो रविवारी. मागे आत्याकडची मंडळी आली, सहा जण, आणि आत्या दारातूनच म्हणाली, "आम्ही चहा नाही हं घेणार, तुझ्या मशीनची ती फेसवाली कॉफी पाज सगळ्यांना." बायकोने माझ्याकडे जो कटाक्ष टाकला त्याचा अर्थ लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसालाच कळेल.

आता सहा कॅपुचिनो एकेक करून करायच्या तर काय होतं बघा. पहिला शॉट, म्हणजे घोटभर कडक कॉफी, काढला, स्टीमचं बटण दाबलं, मिनिटभर थांबलो, वँड म्हणजे वाफेची नळी उघडून आधी साठलेलं पाणी फडक्यावर सोडलं, मग दूध फेसाळलं, पहिला कप आत्याला. इथपर्यंत टाळ्या. पण टाकी आता १३५-१४० वर बसलीये, तशात लगेच दुसरा शॉट काढला तर पाणी बाहेर पडता पडताच उकळतं, ग्रूपमधून, म्हणजे मशीनच्या ज्या तोंडातून कॉफीचं पाणी येतं तिथून, फुस्स करून वाफ सुटते आणि कॉफी कडूजहर होते. म्हणून वँड उघडून पंप चालू करायचा, आधी नुसती थुंकल्यासारखी वाफ-पाणी वाफ-पाणी येते, मग सलग धार लागली की समजायचं टाकी थंड पाण्याने परत भरली. हे थंड करण्यासाठी तर करायचंच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाफ काढताना टाकीतलं पाणी कमी झालेलं असतं, ते भरलं नाही आणि तसंच तापवत राहिलं तर आतलं एलिमेंट उघडं पडून जळतं. एका कपाला पाचेक मिनिटं धरा. सहावा कप होईपर्यंत पहिल्या कपाला आंघोळ घालून झालेली असते.

म्हणून त्यावर उपाय असा की फेऱ्या मारायच्याच नाहीत. आधी सगळे शॉट काढून घ्यायचे, तीन डबल म्हणजे सहा जणांचं भागतं, आणि मग एकदाच स्टीमवर जायचं. शॉट गार होतात, खरं आहे, शुद्धतावादी लोक नाक मुरडतील, पण वर दीडशे मिली गरम दूध पडल्यावर आत्याला काय फरक कळणारे? उलटं मात्र करायचं नाही, कारण फेसाळलेलं दूध ठेवलं की दोन मिनिटांत फेस वर आणि दूध खाली असं वेगळं होतं. फक्त छोट्या टाकीचा दम दुधाच्या एका जगमध्येच संपतो, वाफेचा आवाज बसल्यासारखा झाला की थांबायचं, परत पाणी भरायचं, परत दिव्याची वाट. ह्या मधल्या वेळात आईने सगळ्यांना पोहे दिले, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मला वाटतं सिंगल बॉयलरसोबत पोहे करणारं कोणीतरी घरात असणं ही अट बॉक्सवरच छापायला हवी.

त्या दिवशी हे सगळं माझा मेव्हणा सुमित हाताची घडी घालून बघत होता. त्याच्याकडे थर्मोब्लॉक आहे. "दाजी, आमचं ४० सेकंदांत रेडी. तुमचा दिवा लागेपर्यंत मी ऑफिसला पोचतो." पुढच्या आठवड्यात मुद्दाम त्याच्याकडे गेलो.

दिवा लागला हो ४० सेकंदांत, खोटं नाही. थर्मोब्लॉकमध्ये टाकी नसतेच, धातूच्या ठोकळ्यात एक बारीक नळी वळसे घेत गेलेली असते आणि पाणी त्यातून जाता जाता तापतं, त्यामुळे तापवायचंय काय तर तेवढा ठोकळा. पण कॉफीची पूड भरायचा तो दांडीवाला पोर्टाफिल्टर, त्याला मी हात लावून बघितला, गार. कपही गार. म्हणजे तापला तो फक्त ठोकळा, त्याच्यापुढचं सगळं लोखंड-पितळ अजून झोपेत. पहिला शॉट आंबट आला आणि सुमितने बीन्सना दोष दिला. खरं तर ह्याला सोपा इलाज आहे, रिकामा पोर्टाफिल्टर लावून एकदा नुसतं गरम पाणी कपात काढायचं, तिन्ही गोष्टी गरम होतात, आणि हे धरूनही दोन-तीन मिनिटांत कॉफी हातात पडते. सकाळी ७:४० ची लोकल पकडणाऱ्या माणसाला ह्याहून जास्त काय पाहिजे.

दुधाच्या वेळी मात्र सुमित जरा गप्प झाला. थर्मोब्लॉककडे वाफेचा साठा नसतो. पंप थांबून थांबून टक-टक करत चिमूटभर पाणी तापलेल्या ठोकळ्यात सोडतो, त्याची तिथल्या तिथे वाफ होते, म्हणजे वाफ किती येणार हे एलिमेंटच्या वॉटवर ठरतं. फ्रिजमधलं दीडशे मिली दूध ६०-६५ डिग्रीला न्यायचं तर साधारण ३३ किलोज्यूल लागतात, १३०० वॉटची सगळीच्या सगळी उष्णता दुधात गेली तरी २५ सेकंद, आणि सगळी थोडीच जाते, त्यामुळे मिनिटभर तरी धरून बसा. वाफही ओलसर. त्यात सुमितच्या वँडला ती प्लास्टिकची टोपी होती, जी आपणहून हवा ओढते आणि दुधावर साबणाच्या पाण्यासारखे मोठे बुडबुडे काढते. टोपी काढून टाक म्हटलं, आत साधी नळी असते, तिचं टोक दुधाच्या पृष्ठभागाच्या जरासं खाली धरून कागद फाटल्यासारखा आवाज आला पाहिजे, आणि दूध कोमट झालं की टोक खाली नेऊन नुसतं गरगर फिरवायचं. बऱ्यापैकी झालं. एका कपापुरतं छान. आणि एक मानलं पाहिजे, ठोकळा लहान असल्यामुळे वाफेवरून परत कॉफीच्या तापमानाला तो पटकन येतो, आमच्यासारखं तळ्यात-मळ्यात नाही.

सुमितच्या सोसायटीत पाणी बोअरचं आहे. त्या बारीक नळीत क्षार बसला की शॉटची धार बारीक होते आणि पंप कुरकुरायला लागतो, ती खूण ओळखून डिस्केल करायचं. त्याने घरातलं लिंबूसत्वच वापरलं आणि वहिनींना ते नेमकं ढोकळ्याच्या दिवशी सापडलं नाही, पण तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे.

आता वरच्या मजल्यावरचे काका. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, काकांनी हीट एक्सचेंजर घेतलं. वीस किलोच्या वर वजन, पुढे प्रेशरचं घड्याळ, आणि छातीवर क्रोमचा तो भला मोठा ई६१ ग्रूप. काका येईल त्याला सांगतात की हा फाएमा कंपनीने १९६१ साली आणला आणि त्या वर्षी सूर्यग्रहण झालं होतं म्हणून ई म्हणजे एक्लिप्स. गोष्ट खरी आहे. सांगायला वेळही भरपूर असतो कारण मशीन तापत असतं.

आतली युक्ती खरंच सुंदर आहे. दीड-दोन लिटरचा बॉयलर कायम १२० डिग्रीच्या वर, फक्त वाफेसाठी. आणि त्याच्या पोटातून एक वेगळी नळी जाते, तिच्यातून ताजं पाणी ग्रूपकडे जाता जाता कॉफीपुरतं तापतं. म्हणजे शॉट चालू आणि शेजारी दूधही चालू, वाट बघणं नाही. दीडशे मिली दूध वीस-पंचवीस सेकंदांत. इतक्या जोरात की नवशिक्याला हवा भरायला वेळच मिळत नाही, काकांच्या ट्रॉलीमागच्या टाइल्सवर अजून डाग आहेत.

पण घड्याळावर विसंबायचं नाही. काटा दहा-बारा मिनिटांत १.१ बारवर येऊन बसतो आणि वाटतं झालं, तर तसं नसतं, बॉयलर तापला, तो चार किलोचा पितळी ग्रूप अजून कोमटच. अर्धा-पाऊण तास लागतो. पोर्टाफिल्टरची धातूची मान हाताला चटका देते तेव्हा समजायचं. बरं, तापून बराच वेळ नुसतं उभं राहिलं तर उलटा प्रॉब्लेम, नळीतलं पाणी पडून पडून जास्त तापतं, म्हणून शॉटच्या आधी थोडं पाणी सोडून द्यायचं, आधी फर्रर्र करत उसळतं, ते थांबून शांत धार आली की मग कॉफी. काकांकडे मी गेलो त्या दिवशी तिसाव्या मिनिटाला लाइट गेली. काका शांतपणे म्हणाले, "बस रे, घाई काय आहे." रिटायर माणसाचं मशीन आहे हे, लिहून ठेवा.

सुरुवातीला तर ते मशीन पाणी प्यायचं थांबेचना. पंप आपला चालूच, आणि वँड उघडली की वाफेऐवजी उकळत्या पाण्याची पिचकारी. मेकॅनिकने बराच वेळ डोकं लावलं आणि मग विचारलं, पाणी कुठलं घालता? काका अभिमानाने म्हणाले आरओचं. त्यांच्या फिल्टरने टीडीएस जवळपास शून्यावर आणला होता, आणि बॉयलरमधली पातळी ओळखणारी कांडी चालते पाण्यातल्या क्षारांमधून जाणाऱ्या विजेवर. क्षारच नाहीत तर तिला पाणी दिसतच नाही, ती बिचारी भरा भरा म्हणत राहते. थोडं नळाचं पाणी मिसळल्यावर सगळं सुरळीत.

आणि १४०० वॉटचं मशीन म्हणजे सहा अँपियरच्या वर, साध्या सॉकेटवर लावायचं नाही, १६ अँपियरचा पॉइंट पाहिजे. बहुतेक किचनमध्ये तो एकच असतो आणि त्यावर मायक्रोवेव्हची मालकी असते.

तर परवा ऑफिसमधल्या मित्राने विचारलं कुठलं घेऊ. मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या, एका वेळी दुधाच्या कॉफ्या किती आणि उठल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत वेळ किती. दोघं नवरा-बायको, दोन कप, पंचवीस मिनिटं. मी म्हटलं डोळे झाकून थर्मोब्लॉक घे, काळी कॉफी पीत असतास आणि हाताने खटपट करायची हौस असती तर सिंगल बॉयलर म्हटलं असतं, आणि हीट एक्सचेंजर फक्त रोज चार-पाच दुधाचे कप असतील नाहीतर टायमर लावून पहाटे चालू करणार असशील तर. त्याने सगळं नीट ऐकलं, नोट्सही काढल्या, आणि हीट एक्सचेंजर घेतलं.

का रे, विचारलं.

"अरे त्याला पुढे घड्याळ आहे ना."