सरासरी घातल्यावर काय हाती लागतं आणि काय नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "सर, कोरिलेटेड रँडम इफेक्ट्सवरचा लेख वाचला, पण पटला नाही. हाउसमन चाचणीने रँडम इफेक्ट्स फेटाळल्यावर पुन्हा तेच मॉडेल वापरायचं, हे कसं काय? माझ्याकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांचा चार हंगामांचा डेटा आहे, काही शेतकऱ्यांचे मधले हंगाम गाळलेले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खताची सरासरी घातली, तर खताचा सहगुणक फिक्स्ड इफेक्ट्सशी जुळलाच नाही आणि मातीच्या खोलीचा सहगुणक निम्म्यावर आला. दोन्हीकडचे फायदे मिळतात असं सांगणं दिशाभूल करणारं नाही का?"

नमस्कार. मूळ लेखाचा मुद्दा थोडक्यात: फिक्स्ड इफेक्ट्समध्ये प्रत्येक शेतकऱ्याला स्वतःचा स्थिरांक मिळतो, पण मातीच्या खोलीसारखे न बदलणारे चल मॉडेलमधून गळतात; कोरिलेटेड रँडम इफेक्ट्समध्ये रँडम इफेक्ट्सच्या मॉडेलमध्येच प्रत्येक शेतकऱ्याची खताची सरासरी घातली, की खताचा सहगुणक फिक्स्ड इफेक्ट्सचाच मिळतो आणि मातीची खोलीही मॉडेलमध्ये राहते. तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हाउसमनचं उत्तर सोपं आहे, आकडा न जुळण्याचं कारण बहुतेक डेटाच्या तयारीत सापडेल, आणि मातीच्या खोलीबद्दलची तुमची शंका मात्र अगदी रास्त आहे. तिथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

हाउसमन आधी. ती चाचणी फेटाळते ते रँडम इफेक्ट्सचं एक ठरावीक गृहीतक: शेतकऱ्याचा न दिसणारा गुण (कसब, चिकाटी, बाजाराची जाण) आणि त्याने टाकलेलं खत यांचा एकमेकांशी संबंध नाही. यायर मुंडलाक हे शेतीचेच अर्थतज्ज्ञ. शेतकऱ्याच्या व्यवस्थापनामुळे उत्पादन फलनात येणारा दोष काढण्यासाठी त्यांनी १९६१ मध्ये प्रत्येक शेताला स्वतःचा स्थिरांक दिला. पुढे १९७८ मध्ये त्यांनी दाखवलं की तो संबंध नाकारण्याऐवजी समीकरणातच लिहिता येतो:

```
y_it = ψ + β x_it + ξ x̄_i + γ z_i + a_i + u_it
```

इथे `y_it` म्हणजे शेतकऱ्याचं त्या हंगामाचं उत्पादन, `x_it` म्हणजे खत, `x̄_i` म्हणजे त्या शेतकऱ्याची सगळ्या हंगामांची खताची सरासरी आणि `z_i` म्हणजे मातीची खोली. `a_i` म्हणजे शेतकऱ्याच्या न दिसणाऱ्या गुणाचा उरलेला भाग आणि `u_it` म्हणजे त्या हंगामाचा धक्का. हाउसमनने नाकारलेलं मॉडेल म्हणजे यातलं ξ = 0 धरलेलं मॉडेल. ξ मोकळा सोडल्यावर तो आक्षेप या मॉडेलला लागू होत नाही. उलट ξ = 0 ची वाल्ड चाचणी शेतकरीनिहाय क्लस्टर केलेल्या स्टँडर्ड एररसह केली, तर ती हाउसमनचंच काम अधिक भरवशाने करते. नेहमीची हाउसमन चाचणी u_it मधली विषमता आणि हंगामाहंगामांतला सहसंबंध नाही असं धरून चालते, आणि शेतीच्या डेटात तसं क्वचितच असतं.

आता न जुळलेला आकडा. β फिक्स्ड इफेक्ट्सएवढाच येणं हे गृहीतकावर अवलंबून नाही, ते निव्वळ बीजगणित आहे. खताचे दोन भाग करा: शेतकऱ्याची सरासरी, आणि त्या सरासरीपासूनचं प्रत्येक हंगामाचं अंतर. एकाच शेतकऱ्याच्या अंतरांची बेरीज शून्य येते. त्यामुळे त्या शेतकऱ्यापुरत्या न बदलणाऱ्या कुठल्याही चलाशी, म्हणजे सरासरीशी किंवा मातीच्या खोलीशी, त्या अंतरांचा काहीही संबंध उरत नाही. β फक्त या अंतरांवरून ठरतो. म्हणून तो जुळलाच पाहिजे, अगदी दशांशापर्यंत. जुळला नाही तर बहुतेक वेळा ती अंतरं शून्याला जात नाहीत, म्हणजेच सरासरी चुकीच्या ओळींवरून काढली गेली आहे.

हातानं ताडता येईल एवढं छोटं, माझं रचलेलं उदाहरण घ्या. खत एकरी हजार रुपयांत, उत्पादन एकरी क्विंटलमध्ये. पहिल्या शेतकऱ्याचं खत २० आणि २२, उत्पादन ८० आणि ८१. दुसऱ्याचं खत ३० आणि ३२, उत्पादन १०० आणि १०१. तिसऱ्याचं पहिल्या हंगामात खत ४०, उत्पादन १२०. दुसऱ्या हंगामात खत ६०, पण उत्पादनाची नोंदच नाही. फिक्स्ड इफेक्ट्सचं उत्तर ०.५ आहे: हजार रुपयांचं जादा खत, अर्धा क्विंटल जादा द्राक्ष. तिसऱ्याची सरासरी त्याच्या वापरलेल्या एकाच ओळीवरून काढली, म्हणजे ४० धरली, तर सरासरी घातलेल्या साध्या ओएलएसमध्येही बरोबर ०.५ येतो. पण उत्पादन नसलेली ओळ आधी न काढता सरासरी घेतली की ती ५० होते, आणि खताचा सहगुणक उडी मारून १.५५ वर जातो. गाळलेली ओळ मॉडेलमधून गेली, पण सरासरीत राहिली.

तुमच्या डेटात मधले हंगाम गाळलेले आहेत, म्हणून माझा पहिला संशय इथेच जातो. दुसरा संशय वर्षांच्या डमींवर. सगळ्यांचे सगळे हंगाम असतील तर डमीची सरासरी प्रत्येकासाठी सारखीच येते आणि ती घालण्याची गरज नसते. असंतुलित पॅनेलमध्ये ती शेतकऱ्यागणिक बदलते, म्हणून तीही घालावी लागते. आरमध्ये क्रम असा ठेवा, हंगाम २०२० ते २०२३ धरून:

```r
v <- c("utpadan", "khat", "khol", "varsh", "shetkari")
d <- d[complete.cases(d[, v]), ]
d$khat_s <- ave(d$khat, d$shetkari)
for (y in 2021:2023)
  d[[paste0("v", y, "_s")]] <- ave(as.numeric(d$varsh == y), d$shetkari)
m <- lm(utpadan ~ khat + khat_s + khol + factor(varsh) +
        v2021_s + v2022_s + v2023_s, data = d)
```

`complete.cases` सरासरीच्या आधी आहे, हे महत्त्वाचं. स्टँडर्ड एरर `sandwich::vcovCL(m, cluster = ~ shetkari)` ने घ्या. मॉडेलमध्ये खताचा वर्ग असेल तर वर्गाची सरासरी घाला, सरासरीचा वर्ग नव्हे. न जुळण्याचं तेही एक नेहमीचं कारण आहे.

आता मातीची खोली. इथे मी तुमच्या बाजूने आहे. β बीजगणिताने मिळतो, पण γ मिळतो तो गृहीतकाने, आणि ते गृहीतक असं: खताची सरासरी माहीत असेल तर मातीच्या खोलीवरून शेतकऱ्याच्या कसबाबद्दल आणखी काहीही कळत नाही. हे वाचायला निरुपद्रवी वाटतं, पण कसब आणि माती यांचा मुळात काही संबंध नसला तरी ते मोडू शकतं.

समजा कसब आणि खोली एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहेत. खोलीचा खरा परिणाम फुटामागे ३ क्विंटल, कसबाचा एका गुणामागे २ क्विंटल. आणि खताची मात्रा दोन्हींवरून ठरते: कसब एका गुणाने वाढलं की सरासरी खत हजार रुपयांनी वाढतं, माती एक फूट जास्त खोल असली तरीही हजाराने वाढतं. आता सारखंच सरासरी खत टाकणारे दोन शेतकरी शेजारी ठेवा. एकाची माती एक फूट जास्त खोल आहे. खत सारखं आहे, याचा अर्थ त्याचं कसब एका गुणाने कमी असलंच पाहिजे. म्हणून त्यांच्या उत्पादनातला फरक ३ वजा २, म्हणजे १ क्विंटल. मॉडेल γ = १ सांगेल, खरा आकडा ३ असताना. सरासरी घातल्याने माती आणि कसब यांच्यात आधी नसलेलं नातं तयार झालं. β मात्र या सगळ्यात जागचा हलत नाही. तुमचा सहगुणक निम्म्यावर आला त्यामागे हेच असू शकतं.

याला दुसरा रस्ता आहे. फिक्स्ड इफेक्ट्सचा β घ्या, प्रत्येक शेतकऱ्यासाठी सरासरी उत्पादनातून β गुणिले सरासरी खत वजा करा, आणि उरलेल्याचं मातीच्या खोलीवर रिग्रेशन करा. वरच्या उदाहरणात हे बरोबर ३ देतं. पण त्याचं गृहीतक वेगळं आहे: माती आणि कसब मुळातच असंबंधित हवेत. कसबी शेतकऱ्यांनी खोल जमिनी निवडून घेतल्या असतील, आणि खत फक्त कसबावरून ठरत असेल, तर हा रस्ता γ फुगवून दाखवतो आणि मुंडलाकची सरासरी बरोबर ३ देते. म्हणजे दोन पद्धतींमधली निवड डेटा करून देत नाही. ती खताची मात्रा कशी ठरते या माहितीवरून करायची असते.

ते तुम्ही विचारू शकता, आणि हीच तुमची जमेची बाजू आहे. माती परीक्षण आणि पान-देठ परीक्षणाच्या अहवालावरून मात्रा ठरवणारे शेतकरी जास्त असतील, तर खत मातीच्या मागे जातं आणि कोरिलेटेड रँडम इफेक्ट्सच्या γ वर भिस्त ठेवू नये. सगळे एकाच तयार वेळापत्रकाने खत टाकत असतील आणि फरक पडत असेल तो फक्त शेतकऱ्याच्या शिस्तीने, तर मुंडलाकचं गृहीतक बरंच तगतं. डेटातून एक खूण मिळते: सरासरी खताचं खोलीवर रिग्रेशन करून पाहा. संबंध जवळजवळ शून्य असेल तर दोन्ही रस्ते जवळपास एकच γ देतील आणि वादच उरत नाही. संबंध ठळक असेल तर दोन्ही आकडे शेजारी छापा आणि प्रत्येकाखाली त्याचं गृहीतक लिहा. दुसऱ्या रस्त्याचे स्टँडर्ड एरर बूटस्ट्रॅपने काढा, दोन्ही पायऱ्या दर वेळी पुन्हा चालवून, आणि नमुना ओळींचा नाही तर अख्ख्या शेतकऱ्यांचा उचलून.

मग मातीची खोली मॉडेलमध्ये ठेवून मिळालं काय? तुमच्या विषयासाठी मला γ पेक्षा खत आणि खोलीचा गुणाकार जास्त कामाचा वाटतो: खोल जमिनीत त्याच खताचा परिणाम वेगळा होतो का? `khat * khol` घाला आणि सोबत `khat_s * khol` ही घाला. गुणाकार हंगामागणिक बदलतो, म्हणून त्याचा सहगुणक पुन्हा अंतरांवरूनच ठरतो आणि फिक्स्ड इफेक्ट्सशी जुळतो. वरची γ ची अडचण त्याला लागत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी मी मूळ लेखात ठळक लिहायला हवी होती असं वाटतं: सरासरीत पुढच्या हंगामांचं खतही असतं. अवकाळीने एका वर्षी बाग गेली, हातात पैसा उरला नाही आणि पुढच्या छाटणीला खत कमी पडलं, तर या वर्षीचा धक्का पुढच्या वर्षीच्या खतात शिरतो. मग फिक्स्ड इफेक्ट्स आणि कोरिलेटेड रँडम इफेक्ट्स दोन्हींचा β एकाच मापाने चुकतो, आणि चारच हंगाम असताना ही चूक लहान नसते. तपासणी सोपी आहे: पुढच्या हंगामाचं खत जादा चल म्हणून घाला, प्रत्येकाचा शेवटचा हंगाम आपोआप गळेल, म्हणून सरासऱ्या उरलेल्या ओळींवरून नव्याने काढा, आणि त्या जादा चलाचीही सरासरी घाला. त्याचा सहगुणक शून्यापासून स्पष्ट दूर असेल तर मातीचा वाद बाजूला ठेवून आधी हे सोडवावं लागेल.