पासवर्ड बदलला तरी चोर आतच राहू शकतो: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

“अकाउंट हॅक झालंय असं वाटलं तर घाबरू नका, पासवर्ड बदला, विषय संपला. टू-स्टेप चालू असेल आणि ओटीपी कुणाला सांगितला नसेल तर कुणीच आत येऊ शकत नाही. सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करायची काही गरज नाही, उगी सगळीकडं परत लॉगिन करत बसावं लागतं. मेसेज पुढं पाठवा.”

आधी ओटीपीचं बोलू, कारण आपल्याकडं लोकांचा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावरच आहे.

पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही सहसा फक्त लॉगिन करताना तपासले जातात, त्याच्यानंतर नाही. सर्व्हरसाठी तुमचा प्रत्येक क्लिक नवाच असतो, मघाशी आलेला माणूस हाच, हे त्याला आपोआप कळत नाही, आणि दर क्लिकला पासवर्ड विचारला तर कुणी वापरणारच नाही. म्हणून एकदा लॉगिन झालं की सर्व्हर तुमच्या ब्राउझरला अंदाज लावता येणार नाही अशी एक लांबलचक अक्षरांची ओळ देतो. तिलाच सेशन टोकन म्हणतात. ब्राउझर ती कुकीत, म्हणजे साइटनं त्याच्याकडं ठेवायला दिलेल्या छोट्या नोंदीत, ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक क्लिकसोबत गुपचूप दाखवतो. साधारण अशी दिसते ती:

```
Set-Cookie: session=9f3kQx...; Max-Age=31536000; Secure; HttpOnly
```

`Max-Age` सेकंदात असतो, वरचा आकडा म्हणजे 365 दिवस. प्रत्येक साइटची मुदत वेगळी असते, पण तुम्ही फेसबुक किंवा जीमेल उघडता आणि महिनोन्महिने पासवर्ड विचारलाच जात नाही ना, ते ह्या टोकनमुळंच. जुन्या टॉकीजच्या सायकल स्टँडवर बिल्ला मिळायचा बघा, जो बिल्ला दाखवील त्याला सायकल, तसाच हा प्रकार. आता ही ओळ कॉपी करून दुसऱ्या कुणी त्याच्या ब्राउझरमध्ये टाकली की बऱ्याच साइटला तो तुम्हीच वाटतो. लॉगिनचं पान त्याला लागतच नाही, मग पासवर्ड कुठला आणि ओटीपी कुठला. तुमच्या फोनवर ओटीपी येतच नाही, त्यामुळं तुम्ही तो कुणाला सांगायचा प्रश्नच उरत नाही.

हे कागदावरचं ज्ञान नाही. डिसेंबर 2022 मध्ये सर्कल-सीआय ह्या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये मालवेअर घुसलं, त्यानं टू-स्टेप करून उघडलेलं सेशन चोरलं आणि चोर त्या इंजिनिअरच्या नावानं कंपनीच्या आत फिरले. लॅपटॉपमधल्या अँटिव्हायरसला ते सापडलं नव्हतं. हे कंपनीनं स्वतः जानेवारी 2023 मध्ये जाहीर केलं. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांच्या बाबतीत हे होतं, तर आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरला टू-स्टेप आहे म्हणून निर्धास्त राहा असं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

टोकन जातं कसं? एक रस्ता खोट्या लॉगिन पानाचा. ते पान मधे बसून तुमचा पासवर्ड आणि ओटीपी खऱ्या साइटला पोचवतं, लॉगिन खरंखुरं होतं, आणि बदल्यात आलेलं टोकन मधल्या मधे ठेवून घेतं. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकनं लॉगिन करायची सोय, वापरली तर हा रस्ता बंद होतो, कारण पासकी खोट्या पत्त्यावर चालतच नाही. पण दुसरा रस्ता पासकीनंही बंद होत नाही, तो म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणारं चोरटं सॉफ्टवेअर, ज्याला इन्फोस्टीलर म्हणतात. वरच्या कुकीत `HttpOnly` लिहिलंय ते वेबपेजमधल्या स्क्रिप्टला कुकी वाचू देत नाही, पण इन्फोस्टीलर वेबपेजमध्ये नसतंच, ते सरळ ब्राउझरच्या साठ्यातून कुकीज उचलतं, सोबत सेव्ह केलेले पासवर्डही घेतं, आणि बऱ्याचदा काही मिनिटांत सगळं पाठवून मोकळं होतं. फेसबुकचे जाहिरात अकाउंट पळवायला तर खास बनवलेले प्रकार आहेत, डकटेल नावाचा 2022 मध्ये उघडकीस आला, नोडस्टीलरबद्दल फेसबुकच्या मालक कंपनीनं, मेटानं, 2023 मध्ये सांगितलं.

आता पासवर्ड बदलण्याचा मुद्दा, आणि तो लातूरच्या एका पोराच्या उदाहरणावरून सांगतो. हा क्लासेसवाल्यांची फेसबुक पेजं सांभाळतो, दहावी-बारावीचे निकाल लागले की ॲडमिशनच्या जाहिराती चालवतो, जाहिरात अकाउंटला त्याचंच कार्ड जोडलेलं. ऐन सीझनमध्ये त्याला एका अनोळखी माणसाकडून झिप फाइल आली, नवीन बॅचची माहिती आणि फोटो म्हणून. आत `Admission_Details.pdf.exe` होती. विंडोज ओळखीच्या फाइलचं शेपूट मुळात लपवूनच ठेवतं, त्यामुळं त्याला फक्त `.pdf` दिसलं. डबल क्लिक केलं, काहीच उघडलं नाही, त्यानं सोडून दिलं.

संध्याकाळी कार्डावरून पैसे कटल्याचे मेसेज सुरू झाले, बघतो तर कुठल्यातरी परदेशी भाषेतल्या जाहिराती चालू. पोरगा हुशार, लगेच त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलला. बदलताना खाली एक चौकोन असतो, `Log out of other devices`, आणि त्याच्याखाली लिहिलेलं असतं की दुसऱ्या कुणी अकाउंट वापरलं असेल तर हे निवडा. त्यानं तो रिकामा सोडला, कारण दुकानातला पीसी, घरचा फोन, भावाचा टॅब सगळीकडं परत लॉगिन करावं लागलं असतं आणि ॲडमिशनची घाई होती. जाहिराती त्यानं बंद केल्या. रात्री परत चालू. मला फोन करून म्हणला, “दादा, पासवर्ड बदललाय, ओटीपी पण कुणाला दिला नाही, मग हे आत कसं काय यायलेत?”

ते येतच नव्हते, ते आतच होते. चौकोन रिकामा राहिल्यामुळं जुनी सगळी टोकनं जिवंत राहिली, त्यात चोराकडं गेलेलं पण आलं. फेसबुकचं सेशन `c_user` आणि `xs` ह्या दोन कुकीत असतं, आणि सर्व्हर `xs` ला रद्द म्हणत नाही तोवर नवा पासवर्ड कितीका अवघड असेना, त्याला कुणी विचारतच नाही.

काही साइट पासवर्ड बदलला की स्वतःहून बाकीची सेशनं तोडतात हे खरंय. गूगल बहुतेक डिव्हाइस बाहेर काढतं, पण सगळे नाही, ज्या डिव्हाइसवरून तुम्ही ओळख पटवता ते आणि परवानगी दिलेल्या काही थर्ड पार्टी ॲपवाले डिव्हाइस आत राहू शकतात, हे गूगलच्याच मदत पानावर लिहिलेलं आहे. आणि 2023 च्या शेवटी बेंगळुरूच्या क्लाउडसेक कंपनीनं दाखवून दिलं की काही इन्फोस्टीलर चोरलेल्या टोकनवरून गूगलच्या नव्या कुकीज तयार करून घेतायत, पासवर्ड रीसेट केल्यावरसुद्धा. तेव्हा गूगलनं काय सांगितलं? की त्या ब्राउझरमधून साइन आउट केलं, किंवा डिव्हाइसच्या पानावरून ते सेशन लांबूनच काढलं, की चोरलेलं टोकन बाद होतं. म्हणजे जे करायची गरज नाही असं मेसेज सांगतोय, तोच इलाज कंपनी सांगत होती.

एक फरक मात्र नीट समजून घ्या. नुसती विंडो बंद केली, फोनमधून ॲप उडवलं, ब्राउझरची हिस्ट्री साफ केली, ह्यानं फक्त तुमच्याकडची कॉपी जाते. चोराकडची चालूच राहते. साइन आउट म्हटलं की सर्व्हर त्या टोकनला त्याच्या बाजूनं बाद करतो, आणि सगळ्या डिव्हाइसवरून म्हटलं की चोराच्या हातातलंही बाद होतं.

त्या पोराला मी फोनवरूनच सगळं करायला लावलं, लॅपटॉपचं वायफाय आधी बंद करून. कारण मालवेअर अजून बसलेलं असेल तर नवा पासवर्ड आणि नवं टोकन दोन्ही परत तिकडं जाणार, आणि त्यानं बदललेला पासवर्ड तर त्याच लॅपटॉपवर टाइप केलेला. फोनवरून पासवर्ड पुन्हा बदलला, ह्यावेळी चौकोनावर टिक केली, मग अकाउंट्स सेंटरमध्ये `Password and security` आणि तिथं `Where you're logged in` उघडलं. यादीत एक विंडोजवरचं क्रोम भलत्याच ठिकाणचं दिसत होतं, ते तेव्हाही गेलं नव्हतं म्हणून यादीतून सगळंच निवडून काढलं. इथं एक सांगतो, चोरलेलं सेशन दर वेळी नवा डिव्हाइस म्हणून दिसेलच असं नाही, कधीकधी तुमच्याच लॅपटॉपच्या नावाखाली चालतं. म्हणून “यादीत अनोळखी काही नाही” एवढ्यावर समाधान मानू नका, शंका असेल तर सगळेच काढा. नवीन लॉगिनचा अलर्ट आला नाही हाही पुरावा नव्हे, कारण नवीन लॉगिन झालेलंच नसतं.

आणि परत लॉगिन करायचा त्रास म्हणाल तर त्याला चार ठिकाणी मिळून फार तर पंधरा-वीस मिनिटं लागली. कार्डावरचा भुर्दंड त्याच्या कितीतरी पट होता.

साइन आउटनं सगळंच सुटतं असंही मी म्हणणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सगळीकडून बाहेर काढायला 24 तासांपर्यंत लागू शकतात असं ते स्वतः सांगतात, म्हणून तोवर डोळ्यात तेल घालून बसायचं. शिवाय चोर आत असताना जे पेरून ठेवतो ते साइन आउटनं जात नाही. ह्या पोराच्या बिझनेस अकाउंटमध्ये एक अनोळखी ईमेल ॲडमिन म्हणून जोडलेला निघाला, डकटेलवाले नेमकं हेच करतात, आणि तो ॲडमिन त्याच्या स्वतःच्या लॉगिननं आत येतो, तुमच्या सेशनशी त्याचा संबंधच नाही. तो हातानं काढावा लागला. जीमेलमध्ये असंच रिकव्हरी नंबर, फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघायचे, कारण सिक्युरिटीचे मेल सरळ ट्रॅशमध्ये टाकणारा फिल्टर लावून ठेवलेला असू शकतो, आणि जोडलेली थर्ड पार्टी ॲप्स पण बघायची.

लॅपटॉप त्यानं दुसऱ्या दिवशी फॉरमॅट केला, विंडोज नव्यानं टाकलं आणि त्याच्यानंतरच त्यावर लॉगिन केलं. ब्राउझरमध्ये सेव्ह असलेले बाकीचे पासवर्डही गेलेत असं धरून फोनवरून एकेक बदलले, आणि त्या प्रत्येक अकाउंटवर सगळ्या डिव्हाइसमधून बाहेर काढलं. कार्ड बँकेला सांगून ब्लॉक केलं, सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.