रिलीज मिळाला, पण तारीख कुठली?

कंपनीतल्या कंपनीत नवा रोल मिळाला, जुन्या मॅनेजरने रिलीजला होकार दिला, एचआरचं पत्र आलं की लोक आधी पदनाम आणि ग्रेड बघतात. माझ्या मते आधी बघायची ती ‘पर्यंत’वाली ओळ. ‘बदली माणूस मिळेपर्यंत जुनं काम सांभाळावं’ असं त्यात असेल तर तुमची बदली झालेलीच नाही. माणूस शोधणं जुन्या मॅनेजरच्या हातात, आणि तुम्ही तिथे काम करत असताना त्याला घाई कशाला असेल?

पत्रात दोन पक्क्या तारखा हव्यात: नवा रोल लागू होण्याची आणि हँडओव्हर संपण्याची. दुसरी पहिलीच्या आधी यावी. नाहीतर दोन्हीकडच्या मीटिंगा तुमच्याच कॅलेंडरवर पडतात.

२०२५ चा ऑगस्ट घेऊ. नवा रोल सोमवार, १ सप्टेंबरपासून. हँडओव्हर ४ ते २९ ऑगस्ट. कागदावर चार आठवडे, म्हणजे कामाचे वीस दिवस. त्यातून १५ ऑगस्ट आणि २७ ची गणेश चतुर्थी गेली की उरले अठरा. गणपतीला गावी जाणारे आणखी दोन-तीन दिवस वजा करतीलच. म्हणून पहिल्या आठवड्यात कामांची यादी आणि कुठलं काम कोणाकडे जाणार ते लिहून मॅनेजरकडून मेलवर मान्य करून घ्यायचं. पुढचे दोन आठवडे घेणाऱ्याने काम करायचं, तुम्ही शेजारी बसायचं. उलटं केलं, म्हणजे तुम्ही करताय आणि तो बघतोय, की सप्टेंबरभर फोन येत राहतात. शेवटचा आठवडा सुटलेल्या गोष्टींसाठी. त्यानंतरच्या शंकांनाही मर्यादा लिहून घ्या: दोन आठवडे, दिवसाला अर्धा तास, बस्स.

महिन्याची एक तारीख का? अठरा तारखेपासून रोल बदलला की त्या महिन्याचा पगार दोन कॉस्ट सेंटरमध्ये विभागावा लागतो. पेरोलचं कट-ऑफ उलटून गेलं असेल तर शिफ्ट अलाउन्ससारखे फरक पुढच्या महिन्यात एरिअर्स म्हणून येतात, किंवा मागे लागल्याशिवाय येतच नाहीत.

लागू तारखेला सकाळी एचआर पोर्टल उघडून रिपोर्टिंग मॅनेजर कोण दिसतो ते बघा. जुनंच नाव असेल तर रजेचा अर्ज तिकडेच जाईल, आणि वर्षाचं अप्रेझलही. वर्षाच्या मध्यात बदली असेल तर जुन्या कामाचं मूल्यमापन कोण आणि कधी लिहिणार हे पत्रात नसलं, तरी निदान मेलवर असू द्या.

एक अपवाद. ‘अंतर्गत बदली’ म्हणत ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत पाठवत असतील तर मालक कायद्याने बदलतो. राजीनामा मागतात का ते विचारा, आणि मूळ रुजू तारखेपासूनची सेवा अखंड धरली जाईल हे वाक्य पत्रात घातल्याशिवाय सही करू नका. ग्रॅच्युइटीचा हिशोब त्यावरच अडतो.