सरासरी १२० मिलिसेकंद, मग तक्रारी कुणाच्या?

एका मित्राने परवा त्यांच्या सर्व्हरच्या डॅशबोर्डचा स्क्रीनशॉट पाठवला. सोबत एकच ओळ: "सगळं हिरवं दिसतंय, तरी सपोर्टवाले डोक्यावर बसलेत."

वर मोठ्या आकड्यांत `avg 120 ms`. खाली, नजरेतून सहज सुटावेत अशा बारीक अक्षरांत, `p50 42 ms`, `p95 70 ms` आणि `p99 6.67 s`. हजार रिक्वेस्ट जलद ते हळू अशा रांगेत उभ्या केल्या, तर p50 म्हणजे मधल्या रिक्वेस्टला लागलेला वेळ आणि p99 म्हणजे ९९०व्या रिक्वेस्टचा. म्हणजे त्या जागेवरचा माणूस साडेसहा सेकंद गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलाय, आणि टीम वरच्या १२०वर खूश.

नंतर लॉगमधून जे निघालं ते असं: हजारातल्या ९८५ रिक्वेस्ट सरासरी ४५ मिलिसेकंदांत, उरलेल्या १५ मात्र ५०४५च्या आसपास. बेरीज करून हजाराने भागा, बरोबर १२० येतात. आता गंमत बघा, १२० मिलिसेकंद लागलेली रिक्वेस्ट जवळपास एकही नाही! सरासरी मधल्या रिक्वेस्टच्या जवळजवळ तिप्पट आहे, एवढ्यावरूनच खरं तर शंका यायला हवी होती.

"दीडच टक्का आहे रे," असं तो म्हणालाच. पण त्यांचं एक पान उघडायला मागे वीस कॉल जातात आणि सगळ्यात हळू कॉल येईपर्यंत पान पूर्ण होत नाही. वीसही कॉल जलद येण्याची शक्यता ०.९८५चा विसावा घात, म्हणजे सुमारे ७४ टक्के. थोडक्यात, दर चार पानांमागे एक पान अडकणार. गूगलच्या जेफ डीन आणि लुईझ बरोसो यांनी २०१३च्या लेखात हाच हिशेब शंभर सर्व्हरसाठी मांडला होता: प्रत्येक सर्व्हर शंभरात एकदाच सेकंदभर अडखळत असेल, तरी ६३ टक्के लोकांना एक सेकंदापेक्षा जास्त थांबावं लागतं.

त्या ६.६७ या आकड्यावरही माझा विश्वास नव्हता. डॅशबोर्डला आकडे पुरवणारं प्रोमिथियस प्रत्येक रिक्वेस्टचा वेळ जपून ठेवत नाही, ठरलेल्या कप्प्यांत फक्त मोजणी करतं. नेहमीच्या मांडणीत शेवटचे दोन कप्पे ५ आणि १० सेकंदांवर संपतात. या पंधरा रिक्वेस्ट त्या ५ ते १०च्या कप्प्यात पडल्या. आत त्या नेमक्या कुठे आहेत हे प्रोमिथियसला ठाऊक नसतं, म्हणून ते सगळ्या सारख्या अंतरावर पसरल्यात असं धरून चालतं. ९९०वी रिक्वेस्ट त्या पंधरांतली पाचवी, म्हणजे कप्प्याच्या एकतृतीयांशावर. झाले ६.६७. प्रत्यक्षात सगळ्या पाच सेकंदांच्या जरा पुढे एकमेकींना चिकटून होत्या.

आणि खरा सुगावा तिथेच होता. लोडमुळे येणारा उशीर पसरलेला असतो: कुणाला दोन सेकंद, कुणाला चार, कुणाला नऊ. सगळे जर एकाच गोल आकड्यावर अडत असतील तर कुठेतरी कुणाचा तरी टायमआउट संपतोय. पाच सेकंद म्हटलं की मी आधी डीएनएसकडे, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेकडे बघतो, कारण लिनक्सवर उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारण्याआधी थांबायची मुदत सहसा पाच सेकंदच असते.

त्यांचा सगळा कारभार कुबरनेटीसवर, म्हणजे अनेक मशीनवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर. तिथला हा जुना, बऱ्याच जणांना भोवलेला आजार आहे. नावाचा पत्ता शोधताना आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६चे दोन प्रश्न एकाच सॉकेटवरून लागोपाठ जातात. कर्नलच्या कनेक्शन नोंदवहीत दोघांची नोंद एकाच क्षणी व्हायला गेली, तर एक पॅकेट टाकून दिलं जातं. हे प्रश्न यूडीपीवरून जात असल्यामुळे ते हरवल्याचं कुणी कुणाला कळवत नाही. मग पाच सेकंद शांतता. नोडवर, म्हणजे त्यातल्या एखाद्या मशीनवर, हे चालवून बघायचं:

```
conntrack -S | grep insert_failed
```

फसलेल्या नोंदींचा हा आकडा वाढत होता. उपाय दोन. `resolv.conf`मध्ये `options single-request-reopen` टाकायचं, किंवा प्रत्येक नोडवर डीएनएसचा कॅश बसवायचा. पहिला उपाय स्वस्त, पण अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या इमेजवर चालत नाही. तिथली सी लायब्ररी हा पर्याय चक्क दुर्लक्षित करते. त्यांच्या अर्ध्या इमेज अल्पाइनच्या, म्हणून कॅश बसवला.

सरासरी अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. एका वेळी किती रिक्वेस्ट आत असतील, त्यासाठी किती थ्रेड लागतील, या हिशेबाला तीच लागते. पण ती डॅशबोर्डच्या माथ्यावर नको. तिथे p50 आणि p99 शेजारी शेजारी ठेवा, कप्पे १ ते १० सेकंदांमध्ये जरा दाट करा, आणि शक्य असेल तर रेषेऐवजी हीटमॅप लावा. पाच सेकंदांवरचा तो आडवा पट्टा हीटमॅपवर पहिल्याच दिवशी दिसला असता.