पाकीट फोडा, माणसं मोजा

मदतकार्यात शिध्याची पाकिटं कमी पडली की वाटणारे "घरटी एक" असं जाहीर करून मोकळे होतात. मीही तसंच वाटप केलंय. एकदा एका बाईंनी पाकीट घेतलं, पण त्या पुढे सरकेनात. एवढंच म्हणाल्या, "दादा, आम्ही नऊ जण आहोत." त्यांच्या आधी एकट्या राहणाऱ्या आजोबांनाही मी तेवढंच पाकीट दिलं होतं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: साठा अपुरा असेल तर पाकीट फोडायचं आणि माणशी वाटायचं.

समजा 60 घरं आहेत, 280 माणसं, आणि पाकिटं 50. एका पाकिटात 14 किलो धान्य, म्हणजे पाच जणांना सात दिवस, माणशी रोज 400 ग्रॅम. घरटी एक दिलं तर रांगेतली शेवटची 10 घरं रिकाम्या हाताने परत जातात. त्याऐवजी दोन पाकिटं बाजूला ठेवा, कारण यादीतून सुटलेलं घर हमखास येतं. उरलेल्या 48 पाकिटांचं 672 किलो धान्य 280 जणांत वाटलं की माणशी 2 किलो 400 ग्रॅम येतं. सातऐवजी सहा दिवसांचा शिधा, पण प्रत्येकाला. त्या नऊ जणांच्या घराला 21 किलो 600 ग्रॅम मिळतं.

"तान्ह्या बाळाला पूर्ण वाटा कशाला?" हा वाद दरवेळी होतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. मदतकार्यात माणशी रोज 2100 कॅलरी धरतात, ती लहानथोर सगळ्यांची मिळून सरासरी असते. बाळाचा वाटा अर्धा केलात तर मोठ्यांचा वाढवावा लागेल. तेव्हा डोकी मोजा, वयं नकोत.

काही जण पाकीट न फोडता गट पाडतात: पाचपर्यंत एक, सहापासून दोन. मग यादीत पाच जणांची घरं विरळ होतात आणि सहाची अचानक वाढतात. असं दिसलं की समजा, आकडे फुगलेत. माणशी मापात एक डोकं वाढवून एकच माप पदरात पडतं, त्यामुळे तो मोह कमी होतो. एका चुलीवर जेवणारे ते एक घर, असं धरून यादी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. शेजारीच चूक दाखवतात.

खरा घोळ मापात होतो. दया येऊन हात सैल सुटतो आणि माप शीग लावून भरलं जातं. दर मापाला दहावा हिस्सा जास्त गेला तर शेवटच्या पंचवीसेक माणसांना काहीच उरत नाही. म्हणून आम्ही 2 किलो 400 ग्रॅम धान्य डब्यात वजन करून ओततो आणि ते जिथवर येतं तिथेच पत्रा कापतो. वर पट्टी फिरवली की माप सपाट. शंभर माणसं झाली की थांबून वजन करायचं: 240 किलोच गेलेलं हवं. जास्त गेलं असेल तर डबा कोण भरतोय ते आधी बघा.