चौथ्या सीटवरचा विद्यार्थी

खात्याच्या बढती परीक्षेसाठी मी दोन रात्रींत तीनशे इंग्रजी शब्द घोकले होते. परीक्षा पार पडली, मीही काठावर पार पडलो. पंधरा दिवसांनी सहज आठवून पाहिलं तर अकरा शब्द शिल्लक होते, आणि त्यातले चार मला आधीपासून येत होते.

म्हणून यंदा घोकंपट्टी बंद. ठाण्याहूनच सुटणाऱ्या स्लो गाडीत बसायला मिळालं की सीएसएमटीपर्यंत तासभर हाताशी असतो. तेवढ्यात इंग्रजी पेपर वाचायचा आणि जिथे अडखळेन तोच शब्द वहीत घ्यायचा. डाव्या पानावर शब्द आणि तो जिथे भेटला ते अख्खं वाक्य, उजव्या पानावर अर्थ. अर्थ झाकायला रेल्वेचा पास. हा पास फार महत्त्वाचा. शब्द आणि अर्थ एका नजरेत वाचले की ‘हे तर येतंय’ असं वाटतं, आणि त्या दोन रात्री मला नेमकं तसंच वाटत होतं. झाकलेला अर्थ आधी स्वतः आठवायचा, मगच पास सरकवायचा. (एकदा टीसी आला तेव्हा ‘थांबा, आठवतंय’ असं मी त्याला म्हणालो. त्याने ते वेगळ्या अर्थाने घेतलं.)

उजळणीच्या तारखाही ठरलेल्या. हर्मान एबिंगहाउस या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून आपण किती आणि कधी विसरतो ते स्वतःवरच मोजलं आणि 1885 साली छापलं. विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन, सात, पंधरा आणि तीस दिवसांच्या अंतराने. चुकलं की परत ‘उद्या’पासून. पॉकेट डायरीत त्या त्या तारखेखाली शब्दाचा फक्त नंबर टाकायचा.

सुरुवातीला मी उत्साहाने रोज वीस शब्द उतरवले. प्रत्येकाच्या पाच उजळण्या, म्हणजे दोनेक महिन्यांत रोजचे शंभर शब्द डायरीत दबा धरून बसणार, हा हिशोब मुलुंड यायच्या आत मांडायला हवा होता. तो मी महिन्याने, डायरीचं पान भरून नंबर समासात चढले तेव्हा मांडला. आता रोज चार. उजळणीचे वीस होतात आणि पेपर वाचायलाही वेळ उरतो.

खरी फजिती मात्र ‘सँग्विन’ने केली. मे महिन्यात एका अग्रलेखात भेटला: पावसाबद्दल शेतकरी सँग्विन नाहीत. डिक्शनरीत पाहिलं तर अर्थ ‘आशावादी’. मूळ लॅटिनमधलं रक्त. ज्याच्या अंगात रक्त जास्त तो माणूस उल्हासी, अशी जुन्या वैद्यांची समजूत. इथवर ठीक होतं. पण शेजारीच ‘सँग्विनरी’ दिसला. अर्थ ‘रक्तपिपासू’. फुकट मिळतोय तर सोडा कशाला, म्हणून तोही त्याच दिवशी त्याच्याच खाली लिहिला. त्याला वाक्य नव्हतं, कारण तो मला वाचनात भेटलाच नव्हता.

सारख्या चेहऱ्याच्या दोन भावांना एकाच दिवशी एकाच वर्गात घातलं की मास्तरांचं जे होतं, ते माझं झालं. मी काम करतो वसुली विभागात. मीटिंगमध्ये साहेबांनी थकबाकीचं विचारलं आणि मी ठणकावून सांगितलं, “सर, आय ॲम सँग्विनरी अबाउट द रिकव्हरी.” साहेबांचं इंग्रजी पक्कं आहे. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “जे काय करायचं ते कायद्यात राहून करा.”

त्या संध्याकाळी ‘सँग्विनरी’वर काट मारली. एक भाऊ महिनाभराच्या उजळणीत टिकला की मगच दुसऱ्याला प्रवेश, तोही कुठल्यातरी बातमीचं वाक्य घेऊन आला तर. ‘सँग्विन’ 3 जूनला एकेचाळीस नंबरने नव्याने लिहिला, शेतकरी आणि पावसासकट. मग 4, 7, 14 आणि 29 जून. चारही वेळा पास सरकवायच्या आधी पाऊस आठवला आणि पाठोपाठ अर्थ.

शेवटची उजळणी 29 जुलैला. डोळे मिटले, पाऊस डोळ्यांसमोर आणला, शेतकरी आणला, अर्थ ओठांवर येतच होता. तेवढ्यात चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून रोज माझ्या वहीत डोकावणारा मुलगा घाटकोपरला उतरायला उठला आणि जाता जाता म्हणाला, “काका, आशावादी!”

आठवायच्या आधी कानावर पडलेलं उत्तर धरता येत नाही. मी डायरी काढली आणि 30 जुलैच्या पानावर एकेचाळीस लिहिलं. उद्यापासून दुसरा डबा.