डबल बुकिंगवालं टाइमटेबल कसं करावं: नवीन इन्चार्जसाठी चार शब्द

अभिनंदन! हेडमास्तरांनी यंदा टाइमटेबल तुमच्या गळ्यात घातलंय, म्हणजे मागच्या मीटिंगला तुम्ही एकतर गैरहजर होता किंवा नको तिथे मान डोलावलीत. आता काम नीट, म्हणजे परंपरेप्रमाणे करायचं.

पहिलं काम, सगळ्यांच्या इच्छा भरून घ्या. काणकोणहून कदंबाच्या बसने येणाऱ्या मॅडमना पहिला तास नको, पीटीच्या सरांना उन्हात ग्राउंड नको आणि पालकांना गणित पहिल्याच तासाला पाहिजे कारण तेव्हा म्हणे मुलांचं डोकं ताजं असतं. सगळ्यांना हो म्हणा. आठवी ते दहावीच्या सहा तुकड्या, गणिताचे शिक्षक दोन, म्हणजे सहा दिवसांचे पहिले तास वाटले तर एका तुकडीच्या वाट्याला आठवड्यात दोनच येतात, हा हिशोब पालक-शिक्षक सभेत काढू नका, लोक उगाच नाराज होतात.

मग रिकाम्या जागी कमी तासांचे सोपे विषय भरा, चित्रकला, पीटी, लायब्ररी, म्हणजे कागद लगेच भरल्यासारखा दिसतो आणि चहा गोड लागतो. तिसऱ्या भाषेचा ब्लॉक मात्र सगळ्यात शेवटी ठेवा. कुठे ना कुठे बसेलच.

हा ब्लॉक म्हणजे काय ते गोव्यातल्या शिक्षकाला सांगायला नको, पण तुम्ही नवीन आहात. नववी अ आणि नववी ब मधली काही मुलं मराठी घेतात, काही कोंकणी, दहाबारा जण संस्कृत. त्या तासाला दोन्ही तुकड्या एकदम फुटतात, मराठीवाले अ च्या वर्गात, कोंकणीवाले ब च्या, आणि संस्कृतवाले लायब्ररीत. म्हणजे कागदावर एक तास दिसतो पण त्यात दोन तुकड्या, तीन शिक्षक आणि तीन खोल्या एकाच वेळी अडकतात. आठवीचं तसंच, दहावीचं तसंच, आणि शिक्षक तेच तिघे. म्हणून हे तीन ब्लॉक एकमेकांवर कधीच येऊ शकत नाहीत.

आता त्यात संस्कृतच्या मॅडम लेक्चर बेसिसवर. दुसऱ्या शाळेतही शिकवतात, त्यामुळे आपल्याकडे फक्त सोमवार, बुधवार, शुक्रवार, तेही पहिले चार तास. तीन चोक बारा. आणि पाहिजेत किती? तीन इयत्ता, आठवड्याला पाच-पाच, म्हणजे पंधरा. बारा खुर्च्यांवर पंधरा माणसं बसत नाहीत हे पाचवीचं पोर सांगेल, म्हणून पाचवीच्या पोराला विचारू नका. तुम्ही पेन्सिल घ्या, खोडरबर घ्या आणि दोन रविवार घालवा. नाहीच बसलं की म्हणा, स्टाफच को-ऑपरेट करत नाही.

समजा हेडमास्तरांनी दया येऊन तास चारावर आणले. आता बारात बारा बसले, पण अगदी घट्ट. त्या तीन दिवसांच्या पहिल्या चार तासांत दर तासाला आठवी, नववी, दहावी यातली कुठली तरी एक इयत्ता ब्लॉकमध्ये असणारच. म्हणजे त्या बाराही तासांना मराठीचे सर आणि कोंकणीच्या मॅडम खालच्या वर्गांना मिळणार नाहीत आणि लायब्ररी बंद. हे आधी कळलं असतं तर ब्लॉक पहिला टाकून बाकीचं त्याच्याभोवती रचलं असतं, पण तुम्ही सोमवारी दुसऱ्या तासाला सहावीला मराठी आणि पाचवीला लायब्ररी ऑलरेडी लिहून, वर स्केचपेनने रंगवून ठेवलंय ना? छान.

आता चेकिंग. एक्सेलमध्ये बारा तुकड्या खाली-खाली, तास आडवे, चौकटीत शिक्षकाचा कोड, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हा फॉर्म्युला:

```
=COUNTIF(B$2:B$13,B2)>1
```

एका तासात एकच कोड दोनदा आला की चौकट लाल. फारच सायंटिफिक. पण ब्लॉकच्या चौकटीत तुम्ही लिहिलंय `सप/कन/मज`, आणि तेच अ ला, तेच ब ला, त्यामुळे जिथे सगळं बरोबर आहे तिथे दोन्ही चौकटी लाल होतात, आणि जिथे `सप` सर त्याच वेळी सहावीतही उभे आहेत ती चौकट पांढरीशुभ्र, कारण एक्सेलच्या दृष्टीने `सप` वेगळा आणि `सप/कन/मज` वेगळा. चार दिवसांत तुम्हाला सवय होते, लाल दिसलं की ‘ते ब्लॉकचं असेल हो’ म्हणून पुढे जायची. काही खवचट लोक दुसरी शीट करतात, खाली शिक्षकांची नावं, आडवे तास, चौकटीत तुकडी, आणि लायब्ररी, लॅब यांनाही शिक्षकासारखीच एक-एक ओळ. तिथे ‘६ अ’ लिहायला जावं तर आधीच ‘९ ब्लॉक’ लिहिलेलं दिसतं आणि हात थांबतो. तुम्ही थांबू नका.

तरी एखादा क्लॅश कुणाला सापडलाच, समजा विज्ञानाचे सर सोमवारी तिसऱ्या तासाला ८ ब आणि १० अ दोन्हीकडे, तर सरळ ८ ब चं विज्ञान उचलून जिथे हात पोचेल तिथे टाका, तिथे नवीन क्लॅश झाला की तो तिसरीकडे, असं फिरत राहा. डेनेस क्यॉनिग नावाच्या हंगेरियन गणितज्ञाने 1916 सालीच यातली वाट दाखवून ठेवलीय: सर पाचव्या तासाला मोकळे असतील तर फक्त तिसरा आणि पाचवा या दोनच रांगांत खेळायचं. ८ ब चे हे दोन तास आपापसात बदला, त्यामुळे पाचव्यातली हिंदी तिसऱ्यात आली, हिंदीच्या मॅडम तिसऱ्याला ६ अ मध्ये होत्या, तर ६ अ चे तेच दोन तास बदला, असं पुढे पुढे. ही साखळी फिरून विज्ञानाच्या सरांकडे येत नाही, कारण पाचव्याला ते मोकळेच होते, त्यामुळे कुठेतरी ती संपतेच. पण वाटेत भाषेचा ब्लॉक लागला की तीन शिक्षक एकदम ओढले जातात आणि क्यॉनिगसायब हात वर करतात. लॅबचा जोडतास किंवा ‘मी फक्त या दिवशी येणार’ असले शिक्षक लागले तरी तेच. म्हणून तर ब्लॉक आधी बसवून कुलूप लावायचं आणि साखळी बाकीच्यात फिरवायची असते, पण त्यात मजा काय.

एवढं करून लॅमिनेशन करून टाका, लवकर. लॅमिनेट केलेल्या कागदावर खोडता येत नाही, त्यामुळे तक्रार आपोआप कमी होते. वर ‘प्रोव्हिजनल’ लिहायला विसरू नका, म्हणजे मार्चपर्यंत चालतं.

आणि मराठीचे सर सोमवारी दुसऱ्या तासाला एकाच वेळी नववीत आणि सहावीत कसे, असं कुणी विचारलंच तर त्यासाठी सब्स्टिट्यूशनचं रजिस्टर आहे. दर सोमवारी त्यात सहावीसमोर लिहायचं, ‘सर गैरहजर’, आणि सही घ्यायला सरांकडेच पाठवायचं, ते शेजारच्याच वर्गात असतात.